उजव्या बाजूची वही

बाळांनो, आजीला आता विसर पडायला लागलाय, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. त्यांनी सांगितलं तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. मलासुद्धा तेच वाटत होतं. नंतर खरं काय निघालं ते मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पण तुमच्याकडे शाळेची घाई, माझ्याकडे कुकरची शिट्टी, आणि त्यातला किळसवाणा भाग मी मुद्दामच गाळला होता. तो आता सावकाश लिहिते.

माझी वही कोणती, ते आधी सांगते. फोनवर मेसेज पाठवायचं जे अ‍ॅप आहे, त्यात स्वतःच स्वतःला मेसेज पाठवता येतो. यादीत आपलंच नाव येतं आणि पुढे कंसात ‘तुम्ही’. तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला मला ते दाखवलं आणि सगळ्यात वर पिन करून दिलं. म्हणाले, “आई, तुझ्या त्या शंभर चिठ्ठ्या आता यात टाक.” मी टाकल्या. लोणच्याची लिंक, विजेच्या बिलाची फाइल, रक्ताचे रिपोर्ट, आधार, पेन्शनचा कागद. ‘जांभूळच्या पाणीकेंद्रात दुरुस्ती, शुक्रवारी पाणी नाही, गुरुवारी पिंप भरणे.’ ‘गॅस नोंदवणे.’ प्रत्येक फाइलखाली नाव आणि तारीख. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी पस्तीस वर्षं कार्यालय सांभाळलं. बिननावाचा कागद माझ्या टेबलावर कधी राहिला नाही.

ही सवय माझ्या वडिलांची. धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले ते. गावी आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पत्र्याच्या पेटीत ते आमचे शाळेचे दाखले मेणकापडात गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, “पोरी, कागद हाच आपला सातबारा.” मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं तेही त्याच पेटीच्या जोरावर. तेव्हा माझ्या फोनमधली ही वही म्हणजे त्या पेटीचीच नात समजा.

या वहीचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, ती वाजत नाही. आपणच लिहिलेल्या मेसेजची घंटी आपल्याला कशाला येईल? म्हणून मी ती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला स्वतःहून उघडते. दुसरा, तिच्यात डावी बाजू नसते. दुसऱ्या कोणाशी बोलताना त्याचं डावीकडे आणि आपलं उजवीकडे दिसतं. इथे सगळंच उजवीकडे, आणि टाकल्या टाकल्या निळ्या खुणा. लिहिणारी मी, वाचणारीही मीच. जे काही त्यात आहे ते माझ्या हातचं.

म्हणूनच मी घाबरले.

वैशाखातली गोष्ट. सकाळी वही उघडली. वर माझंच, ‘कैरीचं लोणचं, मोहरी जास्त घालू नये.’ त्याच्याखाली एका कागदाचा स्कॅन. विम्याच्या अर्जाला जोडलेलं पान होतं ते. त्यावर चार रंगीत फोटो चिकटवलेले. एका माणसाचा पाय. दोन बोटं नव्हती, तिसरं काळं पडलेलं, आणि घोट्यापर्यंत जे काही होतं ते मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. तो चहा नंतर बेसिनमध्ये ओतला.

मला वाटलं, कोणीतरी पाठवलंय. पण माझ्याच वहीत, उजवीकडे, निळ्या खुणांसकट. ‘फॉरवर्ड केलेलं’ असं वर बारीक अक्षरात येतं, तेही नव्हतं. म्हणजे मी हा कागद कुठूनतरी मिळवला, फोनमध्ये घेतला आणि स्वतःला पाठवला. आदल्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी मी काय करत होते ते आठवायला बसले. जेवले असेन. भांडी घासली असतील. असेन, असतील. ठाम काहीच सांगता येईना.

मी तो पाय पुसून टाकला आणि हात धुतले. स्क्रीनवरच्या कागदासाठी हात धुतले, बघा.

चार दिवसांनी एका मुलीचा लग्नाचा बायोडाटा आला. उंची पाच फूट तीन इंच, रंग निमगोरा, नोकरी बँकेत, अपेक्षा ‘निर्व्यसनी, स्वतःचं घर’. मग कोणाचा तरी रहिवासी दाखला. मग आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या एका बाईचा अर्ज, तिच्या घटस्फोटाच्या कागदांच्या नकलेसाठी. ही बाई मला रोज लिफ्टपाशी दिसते. तिचा कागद माझ्याकडे कसा? मी तिच्याकडून घेतला? मागून घेतला? चोरला? विचार कुठवर जातात ते तुम्हाला या वयात कळायचं नाही.

आधी मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. सकाळी वहीत पाच शब्द लिहायचे, संध्याकाळी न बघता खाली तेच पुन्हा लिहायचे. ‘आजचे पाच: विळी, टपाल, पेरू, गोणी, खिडकी.’ संध्याकाळी पाचही यायचे. एखाद्या दिवशी चार. चार आले त्या रात्री झोप नाही. आणि पाच आले तरी दोन-चार दिवसांत वहीत एखादं नवं भूत बसलेलं असायचंच. शब्द पाठ राहतात आणि हातांनी केलेलं आठवत नाही, हे कुठलं दुखणं?

आणि त्या काळात मी वहीत सगळंच लिहायचे. डॉक्टरांना दाखवायला नोंद हवी ना. ‘तिसरा दिवस, पोट साफ नाही, इसबगोल.’ ‘डावा कान, खाज.’ ‘आज यांच्या स्वेटरचा वास घेतला, अजून आहे.’ तुमचे आजोबा जाऊन चार वर्षं झाली. ते स्वेटरचं वाक्य मी माझ्या बहिणीलाही म्हणून दाखवलं नसतं.

शेवटी तुमच्या बाबांना सांगितलं. खोटं बोलून काळजी लांबवणं मला जमत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“आई, चुकून अटॅच होत असेल. तू ते फोनमध्ये सेव्ह करतेस आणि विसरतेस.”

“मी कशाला कोणाचा सडका पाय सेव्ह करू?”

“तेच तर. तुला आठवत नाही.”

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला आणि अगदी हळू आवाजात मुखत्यारपत्राचा विषय काढला. म्हणजे बँक, घर, सगळ्यावर माझ्या वतीने त्यांनी सही करायची. “तू अजून नीट आहेस तोवर करून टाकू,” असं म्हणाले. नंतर पुण्याजवळच्या एका जागेचे फोटो पाठवले. हिरवळ, बाकं, व्हीलचेअरवर हसणारी म्हातारी माणसं. आणि तुमच्याकडे यायचा व्हिसा जो मी एवढ्या खटपटीने करत होते, तो ‘सध्या राहू दे’.

त्यांचा राग नाही आला. माझा मलाच आला. हेंद्रेपाड्यातलं हे घर मी आणि तुमच्या आजोबांनी प्रत्येक कागद तपासून घेतलंय. त्यावर सही करायचा माझा हक्क माझ्याच हातच्या घाणीमुळे जाणार, असं मला दिसत होतं. त्या दिवसांत मला स्वतःच्या बोटांचीसुद्धा किळस यायची. फोन उचलताना वाटायचं, आता यांनी काय करून ठेवलंय?

उल्हासनगरला मेंदूचे एक डॉक्टर आहेत, तिथे दाखवायचं ठरलं. तुमची अंबरनाथची आत्याआजी, म्हणजे माझी धाकटी नणंद, बरोबर आली. तिला न बोलता पाच मिनिटं राहता येत नाही, आणि त्या दिवशी मला तेच हवं होतं. डॉक्टरांनी तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी केलं. ते म्हणाले, हे उत्तम आहे, तरी एमआरआय करू.

एमआरआयच्या ठिकाणी बाहेर रिक्षांचे भोंगे, आत फिनेलचा उग्र वास. तिथला माणूस सिंधी होता, बोलायला मोठा गोड. “माताजी, बांगडी, चेन, फोन, सब यहाँ. धातू आत चालत नाही.” मी फोन बंद केला. कंपनीतली सवय, बंद म्हणजे पूर्ण बंद. तो आणि चष्मा छोट्या कपाटात ठेवला, किल्ली नणंदेकडे. नंबर यायला वेळ लागला. आत त्या नळकांड्यात ठकठक ऐकत पडले होते तेव्हा एकच विचार मनात होता, काहीतरी सापडू दे. सापडलं तर निदान त्याला नाव तरी मिळेल.

बाहेर आले, चष्मा लावला, फोन सुरू केला. आणि बोटं सवयीने वहीवर गेली.

नवा कागद. एका दुकानाचा भाडेकरार, तीन पानं. उजवीकडे. वेळ, अकरा बावन्न.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा होत होते.

“वन्सं,” मी विचारलं, “मी आत किती वाजता गेले?”

“अकरा चाळीसला. मी बघितलं ना, मला चहा प्यायचा होता आणि तुम्ही किल्ली देऊन ठेवलेली. चहावाला समोरच, पण किल्ली घेऊन कशी जाऊ?”

“फोन कपाटातून कोणी काढला होता?”

“अहो वहिनी, किल्ली माझ्या मुठीत! बघा, हाताला वास येतोय लोखंडाचा.”

“आणि फोन बंद होता.”

“तुम्हीच केला ना बंद. मला तर बंद कसा करायचा तेही येत नाही.”

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. नणंदेला वाटलं, झालं, वहिनींचा मेंदू आज उघडाच पडला. ती पाणी आणायला धावली. मी मात्र त्या क्षणी सगळ्यात शुद्धीत होते. अकरा बावन्नला माझं डोकं एका यंत्रात होतं आणि फोन कुलपात. बंद फोनमधून मी लिहू शकत नाही. म्हणजे माझ्या नावाने, माझ्या वहीत, दुसरं कोणीतरी लिहीत होतं.

हसू फार वेळ टिकलं नाही. दुसरं कोणी लिहू शकतं, म्हणजे वाचूही शकतं. इसबगोल आठवलं. स्वेटर आठवला.

रिक्षात बसल्यावर मी त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये गेले. इंग्रजी शिकल्याचा एक फायदा, सूचना वाचायची भीती वाटत नाही. तिथे ‘जोडलेली उपकरणं’ असं एक पान असतं. आपलं खातं फोनशिवाय आणखी कुठे उघडं आहे त्याची यादी. माझ्या यादीत एक संगणक होता. खाली लिहिलेलं, ‘शेवटचा वापर: आज’.

माझ्याकडे संगणक नाही.

मग ओळीने सगळं आठवलं. आठवलं, बरं का. चैत्रात व्हिसाच्या कागदांच्या प्रती काढायला मी आमच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. नवरा-बायको चालवतात. तिथे सगळी गिऱ्हाइकं आपल्या फायली दुकानाच्या नंबरावर पाठवतात आणि नवरा प्रिंट काढतो. भिंतीवर नंबर रंगवलाय मोठा. मी म्हटलं, मी पाठवणार नाही. माझं आधार तुमच्या फोनमध्ये शंभर लोकांच्या आधारांत का लोळू देऊ?

तो हसला. “काकू, मग असं करा. तुमचंच खातं इथे उघडा. स्कॅन करा हा चौकोन. तुमचं तुम्ही उघडा, प्रिंट द्या, बंद करा. मला काही दिसायलाच नको.”

मला ते फार पटलं. स्क्रीनवरचा ठिपक्यांचा चौकोन मी फोनने टिपला, माझी वही त्याच्या आतल्या संगणकावर उघडली, बारा कागद छापले. मग वर कोपऱ्यातली फुली दाबली. खिडकी बंद झाली. मी समाधानाने घरी आले.

फुली दाबली की फक्त खिडकी बंद होते. खातं बंद होत नाही. पुन्हा तेच पान उघडलं की वही जशीच्या तशी समोर, आणि त्यासाठी माझा फोन चालू असायचीही गरज नाही. ज्या बाकीच्यांना अडाणी म्हणून मी हसले, त्यांनी दुकानदाराला एकेक कागद दिला. मी हुशारीने अख्खी पेटी उघडून दिली आणि किल्ली कुलपात ठेवून आले.

नणंदेला अंबरनाथला सोडून मी तशीच दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बायको लॅमिनेशनच्या मशीनवर कोणाचंतरी ओळखपत्र सरकवत होती. गरम प्लास्टिकचा वास, खाली कातरलेल्या कडांचा कचरा, काऊंटरवर अर्धा खाल्लेला समोसा एका फॉर्मच्या प्रतीवर ठेवलेला. आजवर मी त्या दुकानात शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे काही टेकवावंसं वाटेना.

“आतल्या संगणकावर माझं खातं उघडं आहे,” मी म्हटलं.

“कुठलं खातं, काकू?”

“दाखवा.”

त्याने दाखवलं. स्कॅनर जोडलेला आतला संगणक. दोन खिडक्या, दोन्ही हिरव्या, दोन्हींत सगळ्यात वर कंसात ‘तुम्ही’. फोटो दोघांनीही लावलेला नाही. एक त्याचं, एक माझं.

“अर्रे!” तो खरंच चकित झाला. “हे तुमचं आहे? मी म्हटलं कधी कधी फाइल जाते कुठे! काकू, बघा, मी आत स्कॅन करतो, माझं मलाच पाठवतो, बाहेरच्या मशीनवर उघडतो आणि कलर प्रिंट मारतो. कधी कधी बाहेर येतच नाही. मी समजायचो, नेट लटकलं. परत पाठवतो, मग येते.”

“ती माझ्याकडे यायची.”

“म्हणजे तो पायवाला फॉर्मपण?”

“तोपण.”

“बापरे. तो तर मलाच बघवत नव्हता.”

“मला मेंदूचा फोटो काढून घ्यावा लागला,” मी म्हटलं. “माझा मुलगा माझं घर माझ्या हातातून काढून घ्यायला निघाला होता. मला वेड लागलंय असं मी दीड महिना समजत होते.”

त्याने कान पकडला. मग म्हणाला, “काकू, माँ कसम, तुमचं वाचायला कोणाला टाइम आहे? इथे लायनी लागतात.”

मी माझ्या फोनवर त्या संगणकाच्या नावावर बोट ठेवलं आणि ‘लॉग आऊट’ दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या स्क्रीनवरून माझी वही गेली आणि तो ठिपक्यांचा चौकोन परत आला. मग त्याच्याकडून डाऊनलोडचं फोल्डर उघडून घेतलं. चैत्रातले माझे बाराही कागद तिथे निवांत पडलेले. माझा पासपोर्ट कोणाच्या तरी पत्रिकेशेजारी. ते पुसायला लावले, मग कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला लावली. त्याने मुकाट्याने केलं. बायको मान खाली घालून एकच ओळखपत्र पुन्हा पुन्हा पुसत होती.

मी निघाले तेव्हा त्याला वाटलं असेल, जरा गोड शेवट करावा.

“काकू, राग मानू नका. आणि ते इसबगोल पाण्यातून नका घेऊ, कोमट दुधातून घ्या. आमची आई तसंच घ्यायची.”

मी पायरीवर थांबले. मागे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, आणि आपण काय बोललो हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. बायकोने मात्र कपाळाला हात लावला.

मी घरी येऊन अंघोळ केली.

तुमच्या बाबांना मी चार गोष्टी पाठवल्या: एमआरआयच्या पावतीवरची वेळ, वहीतली अकरा बावन्नची नोंद, जोडलेल्या उपकरणांच्या पानाचा फोटो, आणि आठवड्याने आलेला रिपोर्ट, ‘वयाला साजेसा’. त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, “आई, ती यादी मी पहिल्याच दिवशी बघायला सांगायला हवी होती. मी दिवसभर हेच काम करतो. तुझ्याबद्दल मात्र मला दुसरं काही सुचलंच नाही.” मुखत्यारपत्राचा विषय तेव्हापासून पुन्हा निघाला नाही. व्हिसाचे कागद मी परत काढलेत. यावेळी कल्याणला गेले, स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन, आणि समोर उभं राहून पुसून आले.

पण आता खरी किळस कशाची, ते लिहिते. मघाशी म्हटलं ते गाळलेलं हेच.

त्या लोकांचे कागद माझ्या वहीत अकरा होते. पायाचा पहिला मी पुसला होता, बाकी दहा पुसायला बसले. आणि लक्षात आलं, ते सगळे मला पाठ आहेत. त्या मुलीची उंची, तिच्या मामाचं गाव, भाडेकरारातली अनामत, तळमजल्यावरच्या बाईने अर्जात नवऱ्याबद्दल लिहिलेलं ते एक वाक्य. मी ते कागद एकदा नाही, तीन तीन वेळा उघडले होते. स्वतःला सांगत होते, हे कुठून आलं त्याचा शोध घेतेय. शोध पहिल्या पानातच संपत होता. दुसरं पान मी वाचायचं म्हणून वाचलं. बायोडाटा तर नणंदेला दाखवून म्हटलंही होतं, “मुलगी बरी दिसते, नाही?” आणि तिने म्हटलं होतं, “वहिनी, नाक जरा बसकं आहे.” दोघी हसलो होतो. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा याहून चांगला दाखला कुठल्या डॉक्टरने दिला असता?

आता ती तळमजल्यावरची बाई लिफ्टपाशी “बरं आहे ना, काकू?” म्हणते तेव्हा मी बटणाकडे बघते. तिला वाटत असेल, म्हातारी तुसडी झाली. झेरॉक्सवाल्याला मी वाचल्याबद्दल मनात जेवढे शब्द वापरले, ते सगळे मलाही लागू होतात. मी फक्त दुधाचा सल्ला दिला नाही, एवढाच फरक.

वही बंद केली का, असं तुम्ही विचाराल. नाही केली. बाईने आपली पेटी दुसऱ्याच्या हातची झाली म्हणून फेकायची नसते, धुऊन घ्यायची असते. रोज संध्याकाळी आधी जोडलेल्या उपकरणांचं पान बघते, ते रिकामं आहे याची खात्री करते, मग लिहिते. शरीराचं काही असेल ते आता कागदाच्या डायरीत, आणि डायरी कपाटात. पाच शब्द मात्र तिथेच आहेत, ते सोडवत नाहीत.

मागच्या आठवड्यात बेलवलीला भाजी घ्यायला गेले होते. गवार निवडत होते, तर शेजारी कोणी येऊन उभं राहिलं. झेरॉक्सवाल्याची बायको. दुकानात कधी तोंड न उघडणारी. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “एक विचारू? रागवाल.”

“मग विचारू नका.”

“ते पाच शब्द. तुम्ही लिहायच्या ना. मी पण तेच पाठ करायचे. सकाळी बघायचे, दुकान बंद करताना आठवायचे. माझ्या आईला तसंच झालंय, गावी. ओळखत नाही आता मला. मला भीती वाटते.” ती गवारीकडे बघत बोलत होती. “मला चारच यायचे. पाचवा कधी आला नाही. तुम्ही बंद केलंत, आता मी कुठले घेऊ?”

तिने माझ्या स्वेटरचं वाक्यही वाचलं असणार. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तिच्याही असेल. मला त्या क्षणी तिची चीड आली, आणि कोणाची तरी उष्टी ताटली हातात यावी तसं वाटलं. पण भीती मी ओळखते. दीड महिना ती माझ्याच घरात राहिली होती.

“चिमटा, अंगण, पावटे, दोरी, रविवार,” मी म्हटलं. एका दमात, हातातलं झटकून टाकावं तसं.

“चिमटा, अंगण, पावटे...” तिने बोटांवर मोजलं. “रविवार.” थांबली. “काकू, मधला?”

“संध्याकाळी आठवेल,” मी म्हटलं, गवार पिशवीत टाकली आणि चालू लागले.